लीडर, टिपा आणि चिन्हसूची: आधी कागदावरची उंची ठरवा

प्रश्न: आयटीआय करून आठ महिने झाले, आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. फ्लॅटचा इलेक्ट्रिकल लेआउट करतोय. प्लॅन 1:50 ला, किचनच्या भिंतीचा सेक्शन 1:20 ला, दोन्ही एकाच A2 शीटवर. साइटवर A3 प्रिंट जाते. AutoCAD मध्ये मी टिपा DTEXT ने लिहितो, बाण लाइनने काढतो, चिन्हांची लिस्ट रेषा मारून बनवतो. सेक्शनमधली अक्षरं प्लॅनपेक्षा वेगळी दिसतात, बाण एकमेकांना छेदतात, लिस्टमध्ये एक ओळ वाढवली की सगळं हलवावं लागतं. सर म्हणतात, "ड्रॉइंग बरोबर आहे पण घाण दिसतं." मल्टिलीडर आणि टेबल वापरून बघितलं, पण अक्षरं कधी प्रचंड येतात, कधी लेआउटवर दिसतच नाहीत. नक्की कुठून सुरुवात करू?

उत्तर:

तुमच्या सरांचं वाक्य मी माझ्या पहिल्या नोकरीत शब्दशः ऐकलंय, त्यामुळे आधी एक गोष्ट सांगून टाकते: यात तुमच्या हाताचा दोष नाही. तुम्ही अक्षराची उंची मॉडेलमध्ये ठरवताय आणि वाचणारा ती कागदावर वाचतोय. या दोन मापांत स्केल बसलंय. ते डोक्यात पक्कं बसलं की मल्टिलीडर, MTEXT आणि टेबल या तिन्हींच्या सेटिंग्ज एकाच आकड्यावरून निघतात, आणि तुम्ही लिहिलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

म्हणून सुरुवात कमांडपासून करू नका, प्रिंटपासून करा. साइटवर A3 जाते म्हणालात. A2 चं A3 केलं की प्रत्येक लांबी साधारण 0.7 पट होते. A3 वर वायरमनला उभ्याउभ्या वाचता यावं यासाठी अक्षर किमान 2.5 मिलिमीटर हवं असं मी धरते. मग A2 वर ते 3.5 हवं. हे दोन आकडे मी मनाने काढलेले नाहीत. ड्रॉइंगच्या अक्षरांच्या प्रमाणित उंची 2.5, 3.5, 5, 7 अशा वाढतात, आणि त्या तशा वाढतात याचं कारणच हे की कागद एक पायरी लहान केला की अक्षरही एक पायरी खाली उतरतं. मी एकदा A1 शीटवर 2.5 ने टिपा लिहून पाठवल्या. स्क्रीनवर आणि ऑफिसच्या मोठ्या प्रिंटवर सुरेख दिसत होत्या. साइटवर मात्र A3 गेली, म्हणजे सगळं बरोबर निम्मं झालं आणि अक्षर सव्वा मिलिमीटरवर आलं. सुपरवायझरने फोनवरून एकेक टीप मला वाचायला लावली. त्या दिवसानंतर मी आधी विचारते, "प्रिंट कुठल्या कागदावर निघणार?"

जाता जाता: A2 लहान करून A3 वर छापलेल्या प्लॅनचं स्केल 1:50 राहत नाही. व्ह्यूच्या नावाखाली "A2 वर 1:50" असं लिहा, म्हणजे कोणी पट्टी लावून माप घेणार नाही.

तर आपला आकडा 3.5. मथळ्यांसाठी 5. याशिवाय तिसरी उंची शीटवर येऊ देऊ नका. नीटनेटकेपणाचा निम्मा भाग एवढ्यातच होतो.

टेक्स्ट स्टाइल आणि दोन स्केलचा प्रश्न

`STYLE` उघडा, एक नवी स्टाइल करा, `Annotative` ला टिक करा आणि उंचीच्या रकान्यात 0 ठेवा. (टिक केल्यावर त्या रकान्याचं नाव `Paper Text Height` होतं, तो हाच.) 0 ठेवायचं कारण असं की तिथे आकडा टाकला तर तो डायमेन्शन आणि टेबलच्या स्टाइलमधल्या उंचीवर कुरघोडी करतो. मग तुम्ही टेबल स्टाइलमध्ये उंची बदलायला जाता आणि रकाना बंद दिसतो.

फॉन्टबद्दल एकच सांगते. टिपा मराठीत लिहायच्या असतील तर `simplex` किंवा `romans` सारखे SHX फॉन्ट चालणार नाहीत, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. Nirmala UI किंवा Mangal सारखा युनिकोड फॉन्ट घ्या, ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, कारण वेलांटी वर जाते आणि उकार खाली. पक्की प्रिंट देण्याआधी PDF काढून जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते बघा.

आता सेक्शनमधली अक्षरं प्लॅनपेक्षा वेगळी का दिसतात ते. तुम्ही मिलिमीटरमध्ये काढत असाल तर कागदावर 3.5 यायला 1:50 च्या प्लॅनमध्ये अक्षर 175 उंच हवं आणि 1:20 च्या सेक्शनमध्ये 70. तुम्ही बहुधा दोन्हीकडे एकच उंची ठेवली आहे, म्हणून सेक्शनमधली अक्षरं अडीच पट मोठी छापली जातात. हा गुणाकार हाताने करत बसणं शक्य आहे, आमच्या पिढीने वर्षानुवर्षं तेच केलं. अ‍ॅनोटेटिव्ह हा पर्याय हाच गुणाकार स्वतः करतो: तुम्ही 3.5 सांगायचं, चालू स्केलप्रमाणे तो मॉडेलमध्ये 175 किंवा 70 करतो.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली युनिटची. तुमच्या ऑफिसात मीटरमध्ये काढत असतील, म्हणजे दहा फुटांची भिंत 3.05 अशी असेल, तर यादीतलं तयार 1:50 लावल्यावर अक्षर 175 मिलिमीटरऐवजी 175 मीटर उंच येईल. "अक्षरं कधी प्रचंड येतात" यामागे माझा पहिला संशय हाच. उपाय: `SCALELISTEDIT` मध्ये स्वतःचं स्केल घाला, नाव `1:50 m`, पेपर युनिट 1 आणि ड्रॉइंग युनिट 0.05. 1:20 साठी 0.02. दुसरी गोष्ट ऑफिसच्या पद्धतीची. काही ठिकाणी लेआउट वापरतच नाहीत, सगळं मॉडेलमधून एकाच स्केलला प्रिंट करतात. तसं असेल तर अ‍ॅनोटेटिव्हचा खटाटोप नको, उंची एकदा गुणून टाका आणि मोकळे व्हा. पण एका शीटवर दोन स्केल आहेत म्हणजे तुम्हाला लेआउट आणि व्ह्यूपोर्ट लागणारच, आणि मग अ‍ॅनोटेटिव्ह खरोखर उपयोगी पडतं.

काय कुठे ठेवायचं

माझा नियम असा. जी टीप वस्तूला बोट दाखवते, म्हणजे लीडर, ती मॉडेलमध्ये आणि अ‍ॅनोटेटिव्ह. जी टीप शीटबद्दल बोलते, म्हणजे सर्वसाधारण टिपा आणि चिन्हसूची, ती लेआउटवर, कागदाच्या खऱ्या मापात. लीडर लेआउटवर काढणारे लोक आहेत आणि त्यात काही पाप नाही, पण व्ह्यूपोर्टमधला प्लॅन जरा सरकवला की त्यांचे बाण हवेत बोट दाखवत राहतात. प्लॅन बदलणार आहे हे तर आपल्याला माहीतच असतं.

टेबलच्या बाबतीत निवड करायला वावच नाही. टेबल अ‍ॅनोटेटिव्ह होत नाही, तशी सोयच दिलेली नाही. मॉडेलमध्ये ठेवलंत तर पुन्हा हाताने गुणाकार आला. लेआउटवर ठेवा, 3.5 म्हणजे 3.5.

मल्टिलीडर

`MLEADERSTYLE` (थोडक्यात `MLS`) देऊन नवी स्टाइल करा. `Standard` मध्येच बदल करू नका, दुसऱ्या फाइलमधून काही पेस्ट केलं की त्याच नावाच्या स्टाइलला तुमच्या फाइलमधल्याच सेटिंग्ज लागतात आणि आलेल्या लीडरचं रूप बदलतं. माझ्या सेटिंग्ज 3.5 च्या हिशोबाने अशा:

`Leader Format` मध्ये सरळ रेषा, बाणाची उंची 2.5. बाण अक्षरापेक्षा मोठा असू नये, नाहीतर नजर टिपेवर न जाता टोकाकडे जाते. `Leader Structure` मध्ये `Annotative` ला टिक, बिंदू दोनच, आणि टिपेआधीची आडवी छोटी रेषा, म्हणजे लँडिंग, 4. `Content` मध्ये प्रकार `Mtext`, तुमची टेक्स्ट स्टाइल, उंची 3.5, लँडिंग आणि अक्षर यांतलं अंतर 1.5. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना जोड `Middle of top line` ठेवा. टीप तीन ओळींची असली तरी रेषा पहिल्या ओळीलाच लागते, वाचणाऱ्याला टीप कुठून सुरू होते ते लगेच कळतं.

टीप लिहिण्याआधी स्केल. मी लेआउटवर जाते, व्ह्यूपोर्टला बरोबर स्केल देते, लॉक करते आणि आत डबल क्लिक करून तिथेच लीडर काढते. त्या व्ह्यूपोर्टचं स्केल लीडरला आपोआप लागतं, आणि शीटवर जागा किती उरली आहे तेही डोळ्यांसमोर असतं.

"लेआउटवर दिसतच नाहीत" हे कोडंही इथेच सुटतं. अ‍ॅनोटेटिव्ह वस्तू फक्त त्याच व्ह्यूपोर्टमध्ये दिसते ज्याचं स्केल तिच्या यादीत आहे. तुम्ही 1:1 किंवा 1:100 चालू असताना टीप लिहिली आणि व्ह्यूपोर्ट 1:50 चा आहे, तर टीप आहे पण दिसत नाही. लीडरवर कर्सर नेला की त्रिकोणी पट्टीसारखं चिन्ह दिसतं, एक चिन्ह म्हणजे एक स्केल, दोन चिन्हं म्हणजे एकाहून जास्त. लीडर निवडून `OBJECTSCALE` द्या आणि हवं ते स्केल यादीत घाला, नको ते काढा. सेक्शनच्या टिपांना फक्त 1:20 आणि प्लॅनच्या टिपांना फक्त 1:50, बस्स. एवढं करूनही दिसत नसेल तर व्ह्यूपोर्टचं स्केल आणि त्याचं अ‍ॅनोटेशन स्केल वेगळं झालेलं असतं. खाली स्टेटस बारवर दोन्ही जुळवण्याचं बटण आहे.

आणि हे एकदा टाइप करून ठेवा:

```
ANNOAUTOSCALE
-4
```

हे चालू राहिलं तर तुम्ही स्केल बदलाल तेव्हा प्रत्येक टिपेला ते नवं स्केल चिकटत जातं. महिन्याभराने एका लीडरला सात-आठ स्केल, प्रत्येकात त्याची जागा वेगळी, आणि कोणती हलवली ते कोणालाच आठवत नाही.

आता बाण छेदण्याबद्दल. पुष्कळ जण थेट `MLEADERALIGN` कडे धावतात. ती कमांड छानच आहे, पण ती ओळ लावते, क्रम लावत नाही. बाणांची टोकं वरून खाली ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने टिपा असल्या की रेषा आपोआप छेदायच्या थांबतात. तुमच्या किचन सेक्शनमध्ये वरून खाली बघा: एक्झॉस्ट फॅनचा पॉइंट, चिमणीचा सॉकेट, ओट्यावरचे दोन सॉकेट, मग खाली फ्रिजचा किंवा आरओचा. टिपाही सेक्शनच्या उजवीकडे त्याच क्रमाने ढोबळ ठेवून द्या, सरळ रेषेत नसल्या तरी चालतील. मग `MLEADERALIGN` (किंवा `MLA`), सगळे लीडर निवडा, एंटर, आणि ज्याच्या रेषेत बाकीचे यायला हवेत तो लीडर दाखवा. दिशा विचारेल तेव्हा F8 दाबून सरळ खाली. आधी पर्याय विचारले की `Distribute` निवडलंत तर दोन बिंदूंमध्ये टिपा समान अंतरावर वाटल्या जातात. पण टिपा एक, दोन, तीन अशा वेगवेगळ्या ओळींच्या असतील तर समान अंतर डोळ्याला समान दिसत नाही, लांब टीप पुढच्या टिपेला जाऊन भिडते. तिथे मी `Use current spacing` घेते आणि उभं अंतर हाताने ठरवते. एकच स्केल ठेवायला का सांगितलं तेही इथे कळेल: तुम्ही रांगेत लावलेलं ते फक्त चालू स्केलपुरतं असतं.

एकच टीप दोन वस्तूंना लागू असेल, समजा ओट्यावरचे दोन्ही सॉकेट सारखेच आहेत, तर तीच टीप दोनदा लिहू नका. लीडर निवडून उजव्या क्लिकमध्ये `Add Leader` घ्या, दुसरा बाण त्याच टिपेतून निघतो.

आता अगदी बारीक वाटणारी पण शीटचा चेहरा बिघडवणारी सवय: टिपेत ओळ मोडायला एंटर मारणं. आज "ओट्याच्या वर 200 वर" पर्यंत एक ओळ बसली म्हणून तुम्ही एंटर मारला. उद्या एक शब्द वाढला की तो एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो आणि त्याच्या खाली पुन्हा नवी ओळ. एंटर फक्त नव्या मुद्द्यासाठी. ओळ मोडायचं काम रुंदीवर सोपवा: टिपेवर डबल क्लिक करा, वर दिसणाऱ्या रूलरचं उजवं टोक ओढून रुंदी द्या. एका रांगेतल्या सगळ्या टिपांची रुंदी सारखी ठेवलीत तर उजवी कडाही साधारण एका रेषेत दिसते.

टिपांऐवजी गोलात आकडा आणि बाजूला तक्ता, हाही पर्याय आहे, `Content` मध्ये `Block` आणि `Circle`. एका व्ह्यूमध्ये पंधरा-वीसपेक्षा जास्त टिपा असतील तर मी तसं करते. `MLEADERCOLLECT` ने गोल एकत्र बांधताही येतात, पण लक्षात घ्या, ती कमांड फक्त ब्लॉकवाल्या लीडरवर चालते, अक्षरांच्या लीडरवर नाही. तुमच्या सेक्शनमध्ये सहा-सात टिपा आहेत. तिथे शब्दच ठेवा. हातात प्रिंट आणि दुसऱ्या हातात ड्रिल घेतलेल्या माणसाला आकडा बघून तक्ता शोधायला लावणं मला पटत नाही.

सर्वसाधारण टिपा

हे थोडक्यात. लेआउटवर उजव्या पट्ट्यात `MTEXT`, पट्ट्याच्या रुंदीएवढा एकच डबा, सगळ्या टिपा त्यातच. `MTEXTCOLUMN` ला 0 द्या, नाहीतर डब्याचा खालचा ग्रिप चुकून ओढला गेला की शेवटच्या टिपा उडी मारून बाजूला दुसऱ्या रकान्यात जातात. आकडे हाताने न टाकता `Bullets and Numbering` मधून घ्या. मग मधली टीप काढली तरी क्रम आपोआप बदलतो आणि दुसरी ओळ आकड्याखाली न येता शब्दाखाली येते.

एकपट अंतरात दोन ओळींमधलं माप अक्षराच्या 5/3 पट असतं. म्हणजे 3.5 ला सुमारे 5.8 मिलिमीटर, बारा ओळींना 70. शीटवर जागा आखताना हा हिशोब कामी येतो.

तुमच्या जुन्या DTEXT ओळी पुन्हा टाइप करायची गरज नाही. `TXT2MTXT` त्या जोडून एक MTEXT करते. आधी तिच्या सेटिंग्जमध्ये जाऊन `Word-wrap text` चालू ठेवा, म्हणजे तुटक ओळींचा सलग परिच्छेद होतो. लाइनने काढलेल्या बाणांसाठी मात्र असं काही नाही, ते नव्याने काढा.

टेक्स्ट स्टाइल बदलूनही काही शब्द हट्टाने जुन्याच फॉन्टमध्ये राहत असतील, तर त्या शब्दांवर आतून वेगळं फॉरमॅटिंग चढलेलं असतं. वर्डमधून पेस्ट केलेल्या टिपांमध्ये हे हमखास होतं. मजकूर निवडून उजव्या क्लिकमधून `Remove Formatting` करा, आणि पुढच्या वेळी पेस्ट करताना फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करा.

चिन्हसूची

इथे जरा जास्त वेळ घेते, कारण टेबल पहिल्यांदा वापरणारे बहुतेक जण इथेच वैतागतात आणि पुन्हा रेषांकडे वळतात.

समजा तुमच्या सूचीत नऊ चिन्हं आहेत: ट्यूबलाइट, पंखा, 6A सॉकेट, 16A सॉकेट, स्विचबोर्ड, एसी पॉइंट, गीझर पॉइंट, एक्झॉस्ट, डीबी. रकाने चार: चिन्ह 20, वर्णन 75, फरशीपासून उंची 25, नग 15. एकूण रुंदी 135 मिलिमीटर, A2 च्या उजव्या पट्ट्यात बसते.

आधी `TABLESTYLE`. त्यात `Title`, `Header` आणि `Data` अशा तीन प्रकारच्या पेशींची मापं वेगवेगळी असतात, आणि तिन्ही बदलावी लागतात, एक बदलून चालत नाही. `Title` 5, बाकी दोन 3.5. मग `Margins`: उभं आणि आडवं दोन्ही 1. मेट्रिकमध्ये ते मुळात 1.5 असतं.

हे मार्जिन का महत्त्वाचं ते कळलं की टेबल हट्टी वाटायचं थांबतं. ओळीची किमान उंची अशी ठरते: अक्षराची उंची गुणिले 4/3, अधिक मार्जिनची दुप्पट. मूळच्या 4.5 अक्षराला आणि 1.5 मार्जिनला 6 अधिक 3, म्हणजे 9. तुम्ही प्रॉपर्टीजमध्ये उंची 8 टाइप करता, ती पुन्हा 9 होते, आणि तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअर ऐकत नाही. ते ऐकतंय, पण त्याहून खाली जायला जागाच नाही. आपल्या 3.5 आणि 1 ला किमान 6.7 येते, म्हणजे 8 ठेवता येईल. नेमकं 8 का, तर चिन्हामुळे.

तुमचं ट्यूबलाइटचं किंवा पंख्याचं चिन्ह मॉडेलमध्ये 300 मिलिमीटरच्या आसपास काढलेलं असेल. 1:50 ला ते कागदावर 6 मिलिमीटर होतं. त्याला वर-खाली एकेक मिलिमीटर धरला की 8. `Title` ची ओळ सोडून बाकी सगळ्या ओळी निवडा, प्रॉपर्टीजमध्ये `Cell height` 8.

आता चिन्ह पेशीत घालायचं. पेशीवर क्लिक, उजवा क्लिक, `Insert`, `Block`. जी खिडकी उघडते तिच्यात `AutoFit` ला टिक असते. ती काढा. ही टिक राहिली की प्रत्येक चिन्ह आपापली पेशी भरेल एवढं ताणलं जातं. पंखा मोठा म्हणून आकसतो, सॉकेट लहान म्हणून फुगतो, आणि सूचीत दोन्ही सारखेच दिसतात. प्लॅनमधला सॉकेट आणि सूचीतला सॉकेट एकच आहे हे ओळखायला माणूस आकारही बघतो. माझ्या एका ड्रॉइंगमध्ये 6A आणि 16A ही चिन्हं फक्त आकारानेच वेगळी होती (तशी ती ठेवणं हीच माझी चूक, ते वेगळं). सूचीत दोन्ही एकसारखी दिसली आणि वायरमनने ओट्यावर सगळीकडे 6A चं गृहीत धरलं. टिक काढून स्केलमध्ये 0.02 द्या, म्हणजे 1/50, आणि `Middle Center` ने मधोमध ठेवा. मग सूचीतलं चिन्ह कागदावर प्लॅनमधल्या चिन्हाएवढंच येतं. तुमचे ब्लॉक अ‍ॅनोटेटिव्ह असून कागदाच्या मापात काढलेले असतील तर स्केल 1. मीटरमध्ये काढत असाल तर चिन्ह 0.3 चं असेल, आणि स्केल 20.

चिन्ह ब्लॉक नसून नुसत्या रेषा असतील तर हे काहीच जमणार नाही. आधी प्रत्येकाचा ब्लॉक करा, आणि प्लॅनमध्येही तोच ब्लॉक घाला. मग एखादं चिन्ह बदलायचं ठरलं की ब्लॉक एकदाच एडिट केला की प्लॅन आणि सूची दोन्हींत बदलतो.

वर्णन 75 मध्ये मावलं नाही तर ते दुसऱ्या ओळीत जातं आणि त्या एका पेशीमुळे अख्खी ओळ 8 वरून 11 च्या पुढे जाते. सूचीत एकच ओळ जाड दिसली की कारण तेच. शब्द कमी करा, नाहीतर रकाना रुंद करा. अक्षर बारीक करू नका.

उंचीच्या रकान्यात फक्त आकडा लिहा, 1200, 1800, 2100 असा, आणि "मिमी, तयार फरशीपासून" हे रकान्याच्या मथळ्यात एकदाच. आकडे उजवीकडे सरळ लावा. आणि ओळ वाढवायची झाली की पेशी निवडून `Insert Below`. तुम्ही ज्यासाठी सगळं हलवत होता ते एवढ्यात होतं. मात्र टेबल वाढतं खालच्या दिशेने, म्हणून त्याचा वरचा डावा कोपरा पक्का धरून खाली दोन-तीन ओळींची जागा मोकळी ठेवा.

नग हा रकाना हाताने भरू नका, तुम्ही चुकणार. पूर्ण AutoCAD असेल तर `DATAEXTRACTION` ब्लॉक मोजून स्वतंत्र टेबल देतं, तिथले आकडे ताडून घ्या. LT मध्ये ही कमांड नाही. तिथे `QSELECT` ने ब्लॉकच्या नावाने निवडा आणि प्रॉपर्टीजच्या वरच्या रकान्यात आलेला आकडा बघा. एक खबरदारी: `QSELECT` चालू जागेतलंच निवडतं, म्हणून मॉडेलमध्ये राहून करा. प्लॅनच्या बाजूला तुम्ही नमुन्यादाखल ठेवलेली चिन्हं असतील तर तीही मोजली जातात, आणि सेक्शनमध्ये तेच ब्लॉक वापरले असतील तर किचनचे सॉकेट दोनदा. मी सेक्शनसाठी वेगळ्या नावाचे ब्लॉक ठेवते, एवढ्याचसाठी.

काही जण सूची एक्सेलमध्ये करून `DATALINK` ने जोडतात. नगांच्या मोठ्या यादीला ते ठीक. चिन्हांच्या सूचीला नको: एक्सेलमध्ये तुमचा ब्लॉक येत नाही, आणि फाइल दुसऱ्याकडे पाठवताना एक्सेल मागे राहिली की टेबल दिसतं पण अपडेट होत नाही.

तुमच्या या शीटवर मी कुठल्या क्रमाने जाईन ते सांगते: आधी टेक्स्ट स्टाइल आणि मल्टिलीडर स्टाइल, मग दोन्ही व्ह्यूपोर्ट लॉक, मग सेक्शनच्या टिपा, कारण त्या कमी आहेत आणि हात बसेल, मग प्लॅनच्या, आणि टेबल शेवटी, कारण तोवर चिन्हं नक्की झालेली असतात. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल. झालं की हीच फाइल टिपा आणि सूची रिकामी करून `.dwt` म्हणून सेव्ह करा. आणि सरांना दाखवण्याआधी A3 वर एक प्रिंट काढून हात लांब करून वाचून बघा. मीटर की मिलिमीटर ते मात्र आधी कळवा, मीटर असेल तर वरचे 175 आणि 70 तुमच्यासाठी 0.175 आणि 0.07 होतील.